चारशेंतले अठ्ठावीस तंतू

शेवंती ओव्हाळला सही करायला लावणं म्हणजे काय असतं, ते मुंबईतल्या नाहूरच्या त्या लोकरीच्या कंपनीत सगळ्यांना ठाऊक होतं. हजेरीचा कागदसुद्धा ती आधी वाचायची, मग पेन उघडायची. मागे रांग खोळंबायची, लोक कुरकुरायचे, पण बाई ढिम्म. लग्नाच्या नोंदणीच्या वेळीही तिने सगळा फॉर्म वाचून काढला होता आणि नवऱ्याच्या, म्हणजे अंबादासच्या, जन्मतारखेतली चूक दाखवून कारकुनाला तो पुन्हा लिहायला लावला होता. अंबादास अजून म्हणतो, तेव्हाच मला कळलं की आता आपलं काही खरं नाही.

अशा बाईने न वाचता सही केली असती तर एक वेळ समजून घेता आलं असतं. तिने वाचून केली होती. सगळी गोष्ट तिथेच अडली.

ती कंपनीच्या प्रयोगशाळेत होती. वडील धोंडिराम माणदेशातून आलेले, पालिकेत कामाला. मुलगी मॅट्रिक झाली आणि टंकलेखन शिकायला निघाली तेव्हा ओळखीतल्या कुणीतरी सांगितलं, लोकरीच्या कंपनीत मुली घेतायत, मापं घ्यायचं काम आहे. शेवंतीला वाटलं कपड्यांची मापं. निघालं तंतूंचं माप. लोकरीचा पेळू, म्हणजे पिंजून ओढलेली सैल वात, आला की त्यातले चिमूटभर तंतू बारीक कापायचे, काचेवर तेलाच्या थेंबात पसरायचे आणि यंत्राखाली ठेवायचे. यंत्र त्यांना पाचशेपट मोठं करून दुधी काचेच्या गोल पडद्यावर टाकायचं. मग पट्टी लावून एकेका तंतूची जाडी मोजायची आणि तक्त्यात त्या जाडीच्या रकान्यात एक रेघ ओढायची. असे चारशे तंतू. चारशे झाले की सरासरी काढायची, ती अहवालात लिहायची, खाली सही. आठ वर्षं ती हेच करत होती. मेरिनो मेंढीच्या लोकरीचा तंतू पडद्यावर सेंटिमीटरभर रुंद दिसायचा, म्हणजे खरी जाडी वीसेक मायक्रॉन, मिलिमीटरच्या हजार भागांतले वीस. एकदा गंमत म्हणून तिने वडिलांच्या घोंगडीचा तंतू लावला, तर तो दुपटीहून रुंद निघाला. धोंडिरामना ते सांगितलं तर म्हणाले, मग, आपली मेंढरं काय उपाशी होती का.

सत्त्याऐंशी सालच्या मे महिन्यात परदेशातल्या गिऱ्हाइकाचं पत्र आलं. लहान मुलांसाठी मेरिनोच्या गंज्या पाठवल्या होत्या, अंगालगत घालायच्या. पत्रात लिहिलं होतं की मुलं रडतायत, मानेवर लाल चट्टे उठतायत, धुण्यातला साबण कपड्यात राहिला असावा, चौकशी करून कळवा. सोबत परत आलेल्या गंज्यांचं खोकं.

मॅनेजर दशरथ राणे यांनी खोकं आपल्या केबिनमध्ये फोडलं. राणेसाहेब लोकरीतला जुना माणूस. गाठोडं उघडून तळहातावर पुंजका चोळला की माल कसा आहे ते सांगायचे, आणि बहुतेक वेळा बरोबर सांगायचे. त्यांनी गंजी तळहातावर फिरवली, बोटांत चोळली, पुढच्याला दिली. कारकून, फोरमन, स्टोअरकीपर, सगळ्यांनी चोळली. झकास, मऊसूत. म्हणजे लोकर चांगली. शिवाय प्रयोगशाळेचा अहवाल फाइलला होताच: सरासरी एकवीस मायक्रॉन, गिऱ्हाइकाची मर्यादा बावीस. खाली सही, शे. अं. ओव्हाळ. लोकर निर्दोष ठरली, राहिला साबण. आणि साबण म्हणजे धुलाई खातं, धुलाई खातं म्हणजे सोनूबाई परब.

सोनूबाई बावन्न वर्षांच्या. पायात गमबूट, पदर खोचलेला, दिवसभर टाकीच्या काठाशी. नवरा परळच्या गिरणीत होता, संपानंतर गिरणी उघडली ती त्याच्याशिवाय. तेव्हापासून घर या टाकीवर चाललेलं. राणेसाहेबांनी त्यांना वर बोलावलं आणि एक कागद पुढे केला. त्यात लिहिलं होतं की त्या मालाला मी चारऐवजी तीनच पाणी दिलं, चूक माझी आहे. अंगठा कर, म्हणाले, गिऱ्हाईक शांत होईल. नंतर तुझं काय करायचं ते बघू. नंतर काय बघणार होते ते सोनूबाईंना कळत होतं. चूक लेखी कबूल केलेल्या बाईला काढायला दुसरं कारण लागत नाही.

सोनूबाईंनी अंगठा केला नाही. तशाच ओल्या बुटांनी त्या प्रयोगशाळेत आल्या.

"मी चार पाणी दिलंय गो," त्या म्हणाल्या. "चार म्हणजे चार. आणि सायेब म्हणता, शेवंतीन लिवन दिल्यान हा लोकर बरी हा म्हणान. तूच लिवलंस मां?"

शेवंतीने फाइल काढून पाहिली. अक्षर तिचंच, सही तिचीच. तिला शरमेने घाम फुटला आणि पाठोपाठ रागही आला. आपला कागद दुसऱ्या बाईच्या गळ्याला लावायला कुणी वापरावा, याचा राग.

"मावशी, अंगठा करू नका," ती म्हणाली. "मला दोन दिवस द्या."

त्या संध्याकाळी तिने खोक्यातली एक गंजी घरी नेली. बादलीत चार नाही, सहा पाणी दिलं, शेवटच्या पाण्यात प्रयोगशाळेतून आणलेला लिटमसचा कागद बुडवला. साबणाचा मागमूस नाही. दुसऱ्या दिवशी रविवार होता. वाळलेली गंजी तिने मफलरसारखी गळ्याभोवती गुंडाळली आणि मेच्या दुपारी स्टोव्हपाशी भाकऱ्या थापायला बसली. अंबादासने विचारलं, डोक्यावर परिणाम झालाय का. तिसऱ्या भाकरीला तिची मान चुरचुरायला लागली, पाचव्या भाकरीला तिने गंजी काढून फेकली आणि मान कराकरा खाजवली.

मग तिने तीच गंजी तळहातावर चोळली. काहीच नाही. हाताच्या आतल्या बाजूला, कोपराच्या लवणीत दाबून धरली. टोचली. पुन्हा तळहात. काही नाही.

शेवंती भाकरीचं पीठ हाताला तसंच ठेवून बसून राहिली. तळहाताची कातडी जाड असते, तिला हे टोचणं कळतच नाही. मानेची, कोपराच्या आतली कातडी पातळ, तिला कळतं. म्हणजे राणेसाहेब तीस वर्षं लोकर नेमकी अशा जागेने तपासत होते जिला खाज समजत नाही, आणि सगळी कंपनी त्यांच्या मागे तळहात चोळत उभी होती. वर साहेबांच्या केबिनमध्ये एअरकंडिशनर. घामाने ओलसर झालेल्या कातडीला जास्त टोचतं, थंड कोरड्या कातडीला कमी. बाई एकटीच हसली, आणि मग आपल्या सहीची आठवण होऊन तिचं हसू गेलं. लोकर टोचते हे तर खरं. मग आपण मोजलं काय?

सोमवारी तिने कपाटातून त्या मालाचा मोजणीचा तक्ता काढला. अहवालात फक्त सरासरी जायची, तक्ता कपाटात पडून राहायचा. मागायचं कुणी नाही, आणि तिनेही कधी उघडला नव्हता. वीसच्या आसपास रेघांची दाटी, जशी असायला हवी तशी. पण उजवीकडे, तीसच्या पलीकडच्या रकान्यांत, एकेक दोनदोन रेघा. तिनेच ओढलेल्या. तिने मोजल्या. अठ्ठावीस. चारशेंत अठ्ठावीस, म्हणजे शंभरात सात. दोन वर्षांपूर्वीच्या निव्वळ मेरिनोच्या तक्त्यात त्या जागी दोन रेघा होत्या. आणि सरासरी? तेव्हा एकोणीस, आता एकवीस. दोन्ही बावीसच्या आत. अठ्ठावीस राकट तंतू पावणेचारशे नाजूक तंतूंच्या गर्दीत सरासरीने गिळून टाकले होते.

गर्दीत मिसळून आलेले हे तंतू कुठले, तेही तिला शोधावं लागलं नाही फारसं. पेळू ओढण्याच्या खात्यातल्या माणसाने सरळ सांगितलं. ब्लँकेटच्या लोकरीचा पेळू उरला होता, साहेब म्हणाले चारात एक भाग मिसळा, सरासरी मर्यादेत राहते. राणेसाहेबांनी काही लपवलं नव्हतं. त्यांना त्यात गैर वाटलंच नव्हतं. सरासरी पाळली म्हणजे माल पाळला, असा त्यांचा हिशेब.

दुपारच्या सुट्टीत ती सोनूबाईंकडे गेली. टाकीपाशी कोपऱ्यात खराटा आणि झाडू उभे होते. तिने खराट्यातून एक हीर ओढला, झाडूतून एक काडी, दोन्ही सारख्या लांबीच्या तोडल्या आणि म्हणाली, "मावशी, हात पुढे करा. असा नाही, उलटा." मनगटाच्या आतल्या बाजूला तिने आधी झाडूच्या काडीचं टोक टेकवून दाबलं. काडी वाकली. मग हीर दाबला.

"आई गो," सोनूबाईंनी हात ओढून घेतला.

"बस, एवढंच आहे," शेवंती म्हणाली. "कापडाच्या बाहेर तंतूंची टोकं निघालेली असतात. बारीक टोक कातडीला लागलं की वाकून जातं, कळत पण नाही. जाड टोक वाकत नाही, घुसतं. जाडी दुप्पट झाली ना, तर ताठपणा सोळापट होतो. लोक म्हणतात लोकर खाजते, लोकर अंगाला चालत नाही. लोकरीचा काय दोष? तीच मेंढी, तेच केस. जाड टोकं किती आहेत, तेवढंच बघायचं. शंभरात चार-दोन असली तर अंग सहन करतं. इथे सात आहेत."

सोनूबाईंनी हीर उलटसुलट करून पाहिला. "म्हणजे मी शंभर पाणी दिलंय तरी ह्यो नरम होवचो नाय."

"नाही होणार."

"मगे चल वर. सांग तेका."

शेवंती वर गेली. राणेसाहेबांनी ऐकून घेतलं, तक्ता पाहिलाही. मग तिच्यापुढे टंकलेला कागद सरकवला. त्यात होतं की प्रयोगशाळेने फेरतपासणी केली, लोकर ठरलेल्या मर्यादेत आहे, दोष धुलाईचा. खाली तिच्या नावाची रेघ.

"ओव्हाळबाई, सरासरी एकवीस आहे की नाही?"

"आहे."

"मग सही करा. खोटं काय लिहिलंय त्यात?"

"खोटं नाही. अर्धं आहे," शेवंती म्हणाली. "आणि त्या अर्ध्यावर तुम्ही एका बाईला घरी बसवताय. मी नाही करत सही."

"घाम आला की मुंबईत कुणाचीही मान खाजते. घामोळं ते."

"ती मुलं मुंबईत नाहीत, साहेब."

राणेसाहेब तांबडे झाले. प्रयोगशाळेच्या सहीशिवाय कागद पाठवता येत नव्हता, आणि ते तिलाही माहीत होतं. शनिवारपर्यंत सही झाली नाही तर दुसरी बाई बसवतो त्या यंत्रावर, असं ते म्हणाले. शेवंती म्हणाली, बसवा, ती पण अठ्ठावीसच मोजेल. आणि जाता जाता दारात थांबून म्हणाली, "शुक्रवारी तासभर खाली या. केबिनमध्ये नाही, खाली. काही नाही निघालं तर करते सही."

आपण हे काय बोलून बसलो ते तिला जिन्यात कळलं. अंबादासची नोकरी तेव्हा कायम नव्हती. पण शब्द गेला होता, आणि खरं सांगायचं तर परत घ्यावासाही वाटत नव्हता.

शुक्रवारी तिने कपाटातली निव्वळ मेरिनोची जुनी नमुन्याची गंजी काढली आणि परत आलेल्यांपैकी एक. दोन्ही पांढऱ्या, वीणही एकच. साहेबांच्या कारकुनासमोर सोनूबाईंनी दोन्ही एकाच टाकीत, एकाच साबणात धुतल्या आणि चार पाणी मोठ्याने मोजून दिलं. वाळल्यावर शेवंतीने त्यांच्या पट्ट्या कापल्या, सारख्या मापाच्या, बारा. प्रत्येकीच्या कोपऱ्यात तिने टाचून आकडा घातला आणि कुठला आकडा कशाचा ते लिहून लिफाफा बंद करून कारकुनाच्या खिशात दिला. पट्ट्या डब्यात घालून हलवल्या. फिनिशिंग खात्यातल्या दहा बायकांनी डोळे मिटून एकेक उचलली आणि ब्लाउजच्या गळ्यात, मानेलगत खोवली. नलिनी म्हणून एक टाके घालणारी होती, ती म्हणाली, अगं शेवंते, मला काय मिळालंय ते तरी सांग. शेवंती म्हणाली, मला तरी कुठे माहितीय.

इस्त्र्यांच्या वाफेत मेची दुपार. राणेसाहेब खुर्ची टाकून बसले, घड्याळ बघत; सोनूबाईही टाकीवरून येऊन दारात थांबल्या. अर्ध्या तासात नलिनीचा हात मानेकडे गेला. मग आणखी एकीचा. तास झाला तेव्हा चौघी खाजवत होत्या, एक म्हणाली गरम होतंय पण टोचत नाही, बाकीच्यांचे हात कामावरच. कारकुनाने लिफाफा फोडला. खाजवणाऱ्या चौघीही मिसळलेल्या लोकरीच्या. तशी पाचवी पट्टी जिच्याकडे होती त्या म्हाताऱ्या राधाबाईंना मात्र काहीच वाटलं नव्हतं. निव्वळ मेरिनोच्या पाचजणींपैकी एकीच्याही मानेवर चट्टा नाही.

"राधाबाईंना कुठे झालं काही?" राणेसाहेबांनी तेवढंच धरलं. "आणि या सगळ्या तुमच्या मैत्रिणी. नाटक करायला काय लागतं?"

नलिनी काहीतरी बोलणार होती, शेवंतीने तिला हाताने थांबवलं. डब्यात दोन पट्ट्या उरल्या होत्या.

"बरोबर आहे साहेब, माझ्या मैत्रिणी आहेत," ती म्हणाली. "तुम्ही तर नाही ना? उरलेल्या दोन्ही वेगवेगळ्या आहेत, हे कारकुनाने यादीत बघितलंय. एक डाव्या कॉलरखाली घाला, एक उजव्या. तुम्हीच घाला, मी हात लावत नाही. मान एकच, घाम एकच, साबण एकच, पाणी एकच."

राणेसाहेबांनी सगळ्यांकडे पाहिलं. नाही म्हणायची सोय उरली नव्हती. वरचं बटण उघडून त्यांनी दोन्ही पट्ट्या आत सारल्या आणि हात मांडीवर घट्ट ठेवून बसले. असल्या जिद्दीचा माणूस की त्याने तास काढलाही असता. बायका कामाला लागल्या, पण कान आणि डोळे तिकडेच. दहा मिनिटं झाली. साहेबांनी मान डावीकडे कलवली. पंधरा मिनिटं. त्यांनी कपाळ पुसलं, पाणी मागितलं, स्टोअरच्या चाव्यांबद्दल कारकुनाला उगाच काही विचारलं. आणि त्याचं उत्तर पुरतं ऐकायच्या आत त्यांचा उजवा हात आपला आपण वर गेला आणि कॉलरमध्ये शिरून उजवी बाजू खाजवू लागला.

हात वर गेलाय हे त्यांना स्वतःला सगळ्यांत शेवटी कळलं. त्यांनी तो तिथेच थांबवला. मग पट्टी बाहेर काढून तिच्यावरचा आकडा पाहिला, कारकुनाकडची यादी पाहिली, आणि पट्टी सवयीने तळहातावर घासली. मग कोपराच्या आत लावली, आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली.

"तीस वर्षं," ते हळूच म्हणाले. कुणाला उद्देशून ते कळलं नाही. शेवंतीला त्या क्षणी त्यांची दया आली आणि तिने ती मुद्दाम बाजूला ठेवली. अजून काम संपलं नव्हतं.

"सोनूबाई, जा, कामाला लाग," साहेब उठत म्हणाले. "झालं ते झालं."

सोनूबाई हलल्या नाहीत. ओल्या हातांची घडी घालून दारातच उभ्या राहिल्या. "माका जावचा नाय," त्या म्हणाल्या. "पयलो तो कागद. माझ्या अंगठ्याचो. हय फाडा, सगळ्यांच्या म्होरे."

साहेबांनी कारकुनाला वर पाठवून सगळी फाइल मागवली, तो कागद काढला आणि त्याचे चार तुकडे केले. सोनूबाईंनी ते मोजून घेतले आणि टाकीकडे वळल्या. शेवंतीचा टंकलेला कागदही साहेबांनी फाडला, त्याच्याबरोबर जुना अहवालही फाडायला घेतला, तेव्हा शेवंतीने तो त्यांच्या हातातून काढून घेतला.

"हा नाही."

"आता कशाला? गिऱ्हाइकाला लिहितो मी, माल आमचाच चुकला म्हणून. मिटलं ना?"

"तुमचं मिटलं," शेवंती म्हणाली. "यावर माझी सही आहे. रेघा माझ्या हाताने ओढल्या होत्या आणि मी बघितल्या नाहीत. मावशींचं घर या सहीने बुडत होतं."

इस्त्रीच्या टेबलावर कागद ठेवून तिने सगळा पुन्हा वाचला, पहिल्या ओळीपासून. मग आपल्या सहीखाली लिहिलं: चारशेंपैकी अठ्ठावीस तंतू तीस मायक्रॉनच्या वर, माल अंगालगत वापरण्यास अयोग्य, हे लिहायचं मी सोडलं होतं. तारीख घातली. आणि त्याच्याखाली, त्या खात्याच्या तीस-पस्तीस माणसांसमोर, तिने दुसरी सही केली, पहिलीपेक्षा मोठ्या अक्षरात.